तांब्यात राहिले शब्द, गळ्यात राहिली चाल

आपल्यापैकी पुष्कळजणी तिरुपतीला जाऊन आल्या असतील. तिथं दर्शनाच्या रांगेत, बसमध्ये, प्रसादाच्या दुकानापाशी सारखी तेलुगू गाणी कानावर पडतात. शब्द कळत नाहीत, पण चाल मनात बसते. त्यातली बरीच गाणी एकाच माणसाची आहेत. त्यांचं नाव ताळ्ळपाका अन्नमाचार्य. आंध्रातली माणसं त्यांना प्रेमानं अन्नमय्या म्हणतात.

आज हे नाव आंध्र-तेलंगणात घरोघरी ठाऊक आहे. पण शंभर वर्षांपूर्वी तिथल्याच शिकल्यासवरल्या माणसाला विचारलं असतं, तर बहुतेकांना काही सांगता आलं नसतं. आणि त्याच्याही चारशे वर्षं आधी याच माणसाची पदं तांब्याच्या पत्र्यांवर कोरून देवळात ठेवली जात होती. म्हणजे नाव आधी वर गेलं, मग बुडालं, मग पुन्हा वर आलं. हे कसं झालं, आणि परत आलं तेव्हा नेमकं काय परत आलं, ते आज आपण बघणार आहोत.

आधी एक गैरसमज दूर करू. पहाटे देवळांच्या भोंग्यावर एम. एस. सुब्बुलक्ष्मींच्या आवाजात जे वेंकटेश सुप्रभातम् लागतं, ते अन्नमाचार्यांचं नाही. ते संस्कृतात आहे आणि दुसऱ्या रचनाकाराचं आहे. अन्नमाचार्यांनी रचलं ते मुख्यतः तेलुगूत, आणि तेही साध्या माणसांच्या बोलीत.

ते मूळचे आंध्रातल्या कडप्पा भागातल्या ताळ्ळपाका गावचे. जन्म १४०८ सालचा मानतात. तांब्याच्या पहिल्या पत्र्यावर अशी नोंद आहे की सोळाव्या वर्षी त्यांना देवाचं दर्शन झालं, तेव्हापासून, म्हणजे १४२४ पासून, ते पदं रचू लागले आणि १५०३ मध्ये वारले. आपल्या हिशेबानं सांगायचं तर तुकोबांचा जन्म व्हायच्या शंभर वर्षं आधी हा माणूस जाऊन चुकला होता. सगळं आयुष्य त्यांनी एकाच देवावर पदं केली, तिरुमलाच्या डोंगरावरच्या वेंकटेश्वरावर. रोज एक तरी पद करायचंच, असा त्यांचा नेम होता असं सांगतात. त्यांच्या नातवानं त्यांचं चरित्र लिहिलं आहे. त्यात एकूण बत्तीस हजार पदांचा आकडा दिलाय. आज हाती आहेत ती तेरा हजारांच्या आसपास.

त्यांच्या घरात बाईचंही नाव आहे. ताळ्ळपाका तिम्मक्का ही त्यांची बायको, असं परंपरेनं मानतात. तिनं 'सुभद्राकल्याण' नावाचं काव्य लिहिलं. तेलुगूतली पहिली ज्ञात कवयित्री म्हणून तिचं नाव घेतात.

आता नाव वर कसं चढलं ते बघू. पदं चांगली होती हे खरंच, पण तेवढ्यानं भागत नाही. चांगली पदं करणारे खूप असतात. अन्नमाचार्यांचा मुलगा पेद्द तिरुमलाचार्य हा कर्तबगार निघाला. तो स्वतःही पदं करायचा. तेव्हा विजयनगरचं राज्य भरात होतं, तिरुमलाच्या देवळाला राजांचा आश्रय होता, आणि या घराण्याकडे जमिनी आणि देवळातले मानपान आले होते. मुलानं त्या पैशाचं काय केलं, तर वडिलांची, आपली आणि पुढं आपल्या मुलाची पदं तांब्याच्या पत्र्यांवर कोरून घेतली. त्या काळी लिहायचं ते ताडाच्या पानावर. ताडपत्राला वाळवी लागते, ओल लागते, शे-दोनशे वर्षांत पान खलास होतं, म्हणून त्याची पुन्हा पुन्हा नक्कल करावी लागते. तांब्याला नक्कल लागत नाही. पण तांबं महाग आणि कोरणाऱ्याची मजुरीही महाग. राजेलोक जमिनीचं दानपत्र तांब्यावर कोरायचे, कारण जमीन पिढ्यान् पिढ्या टिकायला हवी. इथं एका मुलानं वडिलांच्या गाण्यांना जमिनीएवढी किंमत दिली.

असे दोन हजारांवर पत्रे तयार झाले. दोन्ही बाजूंनी कोरलेले. ते ठेवायला तिरुमलाच्या देवळात दगडी कोठडी होती. तिला संकीर्तन भांडार म्हणत. तिथल्या जुन्या शिलालेखांत तिचा उल्लेख आहे. कोठडीच्या बाहेर ताळ्ळपाका घराण्यातल्या दोघांची शिल्पंही आहेत. नातू चिन्न तिरुमलाचार्य यानं तर पद कसं रचावं याचं शास्त्र सांगणारं पुस्तकही तेलुगूत लिहिलं. आजोबांच्या संस्कृत ग्रंथावरून आपण हे केलं, असं त्यानं सांगितलंय. म्हणजे मुलगा, नातू, देऊळ आणि राजा, असे चार खांब होते, आणि त्यावर हे नाव उभं होतं.

खांब हलले तसं नाव हललं. १५६५ मध्ये तालिकोटची लढाई झाली. विजयनगरचा पराभव झाला, राजधानी लुटली गेली. राज्य लगेच संपलं नाही, पण पहिल्यासारखा हात सैल राहिला नाही. पुढं तिरुमलाचा मुलूख गोवळकोंड्याकडे गेला, मग अर्काटच्या नवाबाकडे. १८०१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं देवळाचा कारभार घेतला. १८४३ मध्ये तो हाथीरामजी मठाच्या महंतांकडे गेला आणि १९३३ पर्यंत त्यांच्याकडेच राहिला. इतक्या मालकांच्या बदलात दिवे लागले, नैवेद्य झाला, यात्राही भरली. पण जुन्या पदांच्या पत्र्यांची आठवण कोण ठेवणार?

इथं एक मोठी अडचण होती, ती नीट समजून घेऊ. ही पदं गायची ती मुख्यतः एका घराण्यानं आणि एका देवळात. गाणं घराण्याची मालमत्ता झालं होतं. बाहेरचे शिष्य, गावोगावची भजनी मंडळं, असा पसारा त्यामागं राहिला नाही. आपल्याकडे तुकोबांचं काय झालं ते आठवा. इंद्रायणीत वह्या बुडवल्या असं आपण सांगतो. खरं काय आणि आख्यायिका किती हे बाजूला ठेवा. पण अभंग टिकले ते लोकांच्या तोंडी होते म्हणून. संताजी जगनाड्यांनी लिहूनही ठेवले. आणि वारी दरवर्षी चालतच राहिली, त्यामुळं अभंगाबरोबर म्हणण्याची रीतही चालत राहिली. अन्नमय्यांच्या बाबतीत उलटं झालं. शब्द तांब्यात सुखरूप राहिले आणि गाणारे गळे कमी कमी होत गेले.

अगदीच तुटलं असं मात्र नाही. तिरुमलाच्या देवळात रात्री देवाला निजवतात, तेव्हा ताळ्ळपाका घराण्याच्या वतीनं अंगाई म्हणायची रीत राहिली. पहाटेच्या सेवेतही त्या घराण्याचा मान राहिला. आणि देवळाबाहेर तेलुगू घरांत बायका पाळण्याशी एक अंगाई म्हणत आल्या, मंगल आरतीची एक-दोन पदं म्हणत आल्या. ही पदं अन्नमय्यांची, हे कितीजणींना ठाऊक असेल? नाव गळून गेलं, गाणं राहिलं. आपल्याकडच्या पाळण्यांचंही असंच नाही का? बारशाला आपण म्हणतो ते पाळणे कुणी रचले, आपल्याला सांगता येतं का?

अन्नमाचार्यांच्या गोष्टीत एक भाग हमखास सांगतात. पत्रे शेकडो वर्षं भिंतीआड बंद होते, कुणालाच माहीत नव्हते, आणि १९२२ मध्ये अचानक सापडले. गोष्ट ऐकायला छान आहे, पण पुरती खरी नाही. कारण १८१६ मध्ये ए. डी. कॅम्पबेल या इंग्रज अधिकाऱ्यानं तेलुगूचं व्याकरण छापलं, त्यात या पत्र्यांचा उल्लेख आहे. तिरुपतीला तांब्याच्या पत्र्यांवर व्याकरणाचा जुना ग्रंथ आहे असं त्याच्या कानावर आलं होतं. त्यानं चौकशी केली. निघालं काय, तर देवाची पदंच पदं. त्याला हवं होतं व्याकरण. ते नव्हतं, म्हणून तो पुढं गेला.

आता बघा, पत्रे होते, बघितलेही गेले, त्यात काय आहे तेही कळलं. तरी अजून शंभर वर्षं कुणी त्यांना हात लावला नाही. म्हणजे ते हरवले होते म्हणून विसरले गेले, असं म्हणता येत नाही. ते कुणाला हवे नव्हते. बघणाऱ्याच्या डोळ्यात ज्याची गरज असते तेच त्याला दिसतं. आपल्या घरातली जुनी वही अशीच असते. माळ्यावर असते, सगळ्यांना माहीत असते, पण ती उघडायचं कारण कुणाला नसतं.

मग विसाव्या शतकात कारण कुठून आलं? तेव्हा तेलुगू माणसांत आपल्या भाषेचा अभिमान जागा झाला होता. जुन्या पोथ्या शोधून छापायचं काम सुरू झालं होतं. देवळाच्या शिलालेखांचा अभ्यास करणारे साधू सुब्रह्मण्य शास्त्री यांनी पत्र्यांकडे लक्ष दिलं. १९३३ पासून देवळाचा कारभार देवस्थान समितीकडे आला, म्हणजे पैसा आणि छापखाना दोन्ही हाताशी आले. १९३० च्या दशकापासून पदांचे खंड छापून येऊ लागले. पुढं वेटूरी प्रभाकर शास्त्री या पंडितांनी या कामाला जन्म वाहिला म्हटलं तरी चालेल. १९५० मध्ये ते वारले. त्यानंतर राळ्ळपल्ली अनंतकृष्ण शर्मा यांनी काम पुढं नेलं. ते तेलुगूचे विद्वान होते आणि गाणंही त्यांना येत होतं. या कामाला दोन्ही लागत होतं. का लागत होतं, ते एक पद हातात घेऊन बघू.

समजा, एक पत्रा समोर आहे. त्यावर जुन्या वळणाची तेलुगू अक्षरं एकाला एक लागून कोरलेली आहेत. शब्द कुठं तुटतो ते दाखवलेलं नाही. म्हणून पहिलं काम अक्षर वाचणं आणि दुसरं काम शब्द सोडवणं. आपल्याकडेही 'तोरण' वाचायचं की 'तो रण', यात अर्थ पालटतो. त्यात ही भाषा पाचशे वर्षांपूर्वीची आणि घरातली, शेतातली. कांडणाचे शब्द, झोपाळ्याचे शब्द, नवराबायकोच्या भांडणातले शब्द. पंडितांच्या कोशात ते सापडायचे नाहीत. तिथं त्या मुलखातल्या बोलीचं कानच कामाला येतं.

तिसरं काम चालीचं. पदाच्या माथ्यावर रागाचं नाव कोरलंय. आपल्याला वाटेल, झालं, चाल मिळाली. पण तसं नाही. राग म्हणजे चाल नव्हे. राग म्हणजे कुठले स्वर घ्यायचे, कुठल्या वळणानं घ्यायचे याची रीत. घरात कणीक, तेल, मीठ आहे म्हणजे भाकरी झाली की पोळी झाली की पुरी, हे त्यावरून ठरत नाही. एकाच रागात शेकडो चाली होतात. शिवाय स्वर लिहून ठेवलेले नाहीत आणि ताल बहुधा दिलेला नाही. त्यातही काही राग आता कुणी गातच नाही. काही रागांचं नाव तेच आहे, पण पाचशे वर्षांत स्वर बदललेत.

म्हणून राळ्ळपल्ली शर्मांनी काय केलं? पदाचा अर्थ घेतला, अक्षरांची लांबी-आखूडी बघितली, त्यावरून ताल बसवला. पत्र्यावरचा राग गाता येण्यासारखा असेल तर तो घेतला, नसेल तर जुळणारा दुसरा धरला. मग नवी चाल केली. अशी शंभरावर पदं त्यांनी स्वरांसकट लिहून दिली. त्यांच्यानंतर नेदुनुरी कृष्णमूर्ती यांनी चाली केल्या, बालमुरलीकृष्ण यांनी केल्या, गरिमेळ्ळ बालकृष्ण प्रसाद यांनी तर शेकड्यांनी केल्या. त्यामुळं एकच पद दोन गायकांकडून दोन वेगळ्या चालींत ऐकू येतं, आणि त्यात चूक कुणाचीच नसते.

तर आज रांगेत उभं राहून जे आपण ऐकतो त्यात शब्द पाचशे वर्षांचे आणि चाल बहुतेक वेळा आपल्या आई-आजीच्या वयाची असते. अन्नमय्या ते पद कसं गात होते, हे पत्र्यावरून कळायचा मार्ग नाही.

पण छापील खंड कपाटात राहिले असते, तर नाव पुन्हा बुडालं असतं. १९७८ मध्ये देवस्थानानं अन्नमाचार्य प्रकल्प काढला. गायक तयार करायचे, पदं बसवायची, गावोगाव कार्यक्रम करायचे, कॅसेटी काढायच्या, असं त्याचं काम. मग १९८० च्या सुमाराला एम. एस. सुब्बुलक्ष्मींच्या आवाजात 'बालाजी पंचरत्नमाला' नावाच्या तबकड्या निघाल्या. त्यातली अन्नमय्यांची पदं त्यांना नेदुनुरींनी शिकवली. सुब्बुलक्ष्मींचा आवाज देशभर पहाटे ऐकला जात होताच. त्या आवाजावर बसून अन्नमय्यांचं नाव तमिळ, कन्नड, मराठी घरांत शिरलं. १९९७ मध्ये त्यांच्यावर तेलुगू सिनेमा आला, 'अन्नमय्या'. नागार्जुन नायक, संगीत कीरवाणींचं. तो खूप चालला. २००८ मध्ये त्यांच्या जन्माची सहाशे वर्षं झाली तेव्हा त्यांच्या गावाजवळ १०८ फुटी पुतळा उभा राहिला. ज्याची पदं बघून कॅम्पबेल पुढं गेला होता, त्याचा पुतळा आता लांबून दिसतो.

सिनेमाबद्दल एक सांभाळायला हवं. त्यातले चमत्कार आणि प्रसंग बघून पुष्कळांना वाटतं, असंच घडलं. राजानं स्वतःवर पद कर म्हणून सांगितलं, अन्नमय्यांनी नकार दिला, राजानं बेड्या घातल्या आणि त्या गळून पडल्या, ही गोष्ट नातवानं लिहिलेल्या चरित्रातली. आजोबांबद्दल नातू लिहितो तेव्हा भक्तीनं लिहितो. ती गोष्ट खोटी म्हणून टाकू नये, पण तिला कागदपत्राचा पुरावाही समजू नये. पत्र्यावर कोरलेलं साल वेगळं, घरात सांगितलेली गोष्ट वेगळी.

आता एक गोष्ट आपल्या बायकांच्या कामाची. पत्र्यांवर पदांचे दोन भाग केलेत. एक अध्यात्माचा. त्यात भक्ती, वैराग्य, आपल्या चुकांची कबुली. दुसरा शृंगाराचा. त्यात वेंकटेश्वर आणि त्याची पत्नी अलमेलमंगा यांचं प्रेम, रुसवे, टोमणे, समजूत. आपण तिला पद्मावती म्हणून ओळखतो. तेरा हजारांतली बहुसंख्य पदं या दुसऱ्या भागातली आहेत. त्यात पुष्कळदा बोलणारी बाई असते. कधी ती स्वतः अलमेलमंगा, कधी तिची सखी. ती देवाला जाब विचारते, कुठं होतास म्हणते, खोटं बोलू नकोस म्हणते. देव गप्प बसतो.

पण विसाव्या शतकात नाव परत आलं तेव्हा कुठली पदं जास्त पुढं आली? मुख्यतः अध्यात्माची. त्यातलं एक तर फार प्रसिद्ध झालं. परब्रह्म सगळ्यांत एकच आहे, राजाची झोप आणि नोकराची झोप वेगळी नसते, असा त्याचा आशय. जातीभेदाविरुद्ध बोलणाऱ्या काळाला ते पद हवं होतं, म्हणून ते घरोघरी गेलं. त्यात वाईट काही नाही. पण देवाशी भांडणारी बाई मात्र बराच काळ खंडांच्या पानांतच राहिली. काही शृंगारपदं गायली गेली, तीही सौम्य. देवळाच्या प्रकाशनातून नवराबायकोचं उघड प्रेम पुढं आणायला संकोच वाटत असणार. अलीकडे तीही वाचली जाऊ लागली आहेत. २००५ मध्ये वेलचेरू नारायण राव आणि डेव्हिड शुलमन या दोन अभ्यासकांनी निवडक पदांचं इंग्रजी भाषांतर केलं, त्यात या बाईचा आवाज मोठ्यानं आला. त्यामुळं जगातल्या वाचकाला भेटलेले अन्नमय्या आणि तिरुपतीच्या भोंग्यावरचे अन्नमय्या एकाच तोंडाचे वाटत नाहीत. पत्रे तेच, पण सोळाव्या शतकातल्या मुलानं त्यातून एक माणूस उभा केला, १९४० च्या पंडितानं दुसरा आणि आजच्या अभ्यासकानं तिसरा.

कुणाचं नाव परत आलं असं ऐकलं की तीन प्रश्न विचारायचे, असं आम्हाला यावरून वाटतं. शब्द कुठून आले? चाल कुणाची? आणि निवड कुणी केली? चालीचं पारखायला एक साधी खूण आहे. चाल जुनी आणि तोंडोतोंडी आलेली असेल, तर ती वेगवेगळ्या गावांत थोड्या फरकानं सापडते आणि ती कुणी केली हे कुणाला सांगता येत नाही. चाल नवी असेल, तर एकच ठेवण सगळीकडे अगदी तशीच ऐकू येते आणि शोधलं तर चाल करणाऱ्याचं नाव मिळतं. तिरुपतीच्या रात्रीच्या अंगाईची परंपरा पहिल्या प्रकारची आहे. तबकडीवरची पदं दुसऱ्या प्रकारची.

आता हे आपल्या अंगणात आणू, कारण इथं आपलं स्वतःचं काही पणाला लागलंय. आपल्या आज्या जात्यावर ओव्या म्हणायच्या. पुण्याच्या बाजूला हेमा राईरकर आणि गी पॉयट्वँ यांनी गावोगावच्या बायकांना घेऊन ओव्या गोळा केल्या. एक लाखावर ओव्या लिहून झाल्या, आणि प्रत्येकीपाशी सांगणाऱ्या बाईचं नाव आणि गाव आहे. अन्नमय्यांच्या पदांना मुलानं तांबं दिलं, तसं आपल्या आज्यांना हे कागदाचं तांबं मिळालं. पण त्यातल्या गाऊन ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्या लिहिलेल्यांच्या मानानं थोड्याच आहेत. बर्नार्ड बेल यांनी १९९० च्या दशकात काही बायकांचे आवाज यंत्रावर घेतले, म्हणून तेवढ्या चाली आज आपल्याला ऐकू येतात. बाकीच्या ओव्यांचे शब्द आहेत. त्यांची चाल त्या त्या गावच्या म्हाताऱ्या बाईच्या गळ्यात आहे, किंवा होती.

आणि इथं आपल्याला राळ्ळपल्ली शर्मांसारखा माणूस शोधावा लागायचं कारण नाही. गिरणी येऊन पन्नास-साठ वर्षं झाली असली, तरी जात्यावर बसलेल्या बाया अजून गावात आहेत. ऐंशीच्या घरातल्या. गटाच्या पुढच्या बैठकीत एकीनं आपल्या सासूला किंवा चुलतसासूला घेऊन यावं. नुसतं 'ओव्या सांगा' म्हटलं तर ती शब्द सांगेल, चाल राहून जाईल. तिला जातं द्या, नसेल तर हात तसा फिरवायला सांगा, कारण चाल जात्याच्या फेऱ्यावर बसलेली असते. एक ओवी दोनदा म्हणू द्या, मध्ये तिला दुरुस्त करू नका, शब्द चुकला तरी. फोनवर आवाज घ्या, आणि सुरुवातीला तिच्याच तोंडून नाव, माहेर, सासर आणि कुणाकडून शिकली ते म्हणवून घ्या. पाळण्याची अंगाई तेलुगू घरांत राहिली पण करणाऱ्याचं नाव गळालं, ते असंच गळालं होतं. एक लक्षात ठेवा, तिला विचारूनच आवाज घ्यायचा आणि कुणाला ऐकवायचा तेही तिनंच सांगायचं.

आणि निवड करताना जरा सावध राहू. विठोबाच्या, रामाच्या ओव्या आपण आनंदानं पुढं आणू. सासरच्या जाचाच्या, दारूड्या नवऱ्याच्या, देवाला शिव्या घालणाऱ्या ओव्या आल्या की आपणच म्हणू, 'हे नको, लोक काय म्हणतील.' अन्नमय्यांच्या अलमेलमंगेचं हेच झालं होतं. शिवी दिलेली ओवीही टेपावर राहू द्या. ती ऐकवायची की नाही, ते पुढच्या पिढीच्या बाया ठरवतील.

पुढच्या वेळी तिरुपतीच्या रांगेत ते गाणं लागलं, की जरा कान द्या. त्यातले शब्द एका मुलानं तांब्यावर ठेवले म्हणून वाचले, आणि चाल विसाव्या शतकात कुणीतरी नव्यानं बांधली. तुमच्या सासूच्या ओवीची चाल मात्र अजून नव्यानं बांधायची वेळ आलेली नाही. ती आहे तोवर ऐकून घेऊ.